‘लाँग टर्म बॉरोइंग्ज निल’ म्हणजे कर्जमुक्त नव्हे

प्रश्न: एका कंपनीचा शेअर घ्यायचा विचार आहे. ताळेबंदात ‘लाँग टर्म बॉरोइंग्ज’समोर शून्य आहे. मित्र म्हणतो, कंपनी कर्जमुक्त आहे, सगळा पैसा मालकांचाच. कंपनी कर्जावर चालते की मालकांच्या पैशावर, हे ताळेबंदावरून नक्की कसं ओळखायचं?

उत्तर:

मित्राचं चुकतंय. त्या शून्यावरून एवढंच कळतं, की ३१ मार्चपासून बारा महिन्यांच्या पुढे फेडायचं असं काही कर्ज उरलेलं नाही. बारा महिन्यांच्या आत फेडायचं किती आहे, ते त्याच पानावर थोडं खाली ‘शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज’मध्ये लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांचं खरं कर्ज बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. कुपवाड एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. माझे मिस्टर उत्पादन बघतात, धाकटे दीर विक्री बघतात. मी आधी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. ती नोकरी सोडल्यापासून कारखान्याचे हिशेब माझ्याकडे आहेत. २०२३ च्या सुरुवातीला एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची मोठी ऑर्डर आली. मसाले, फरसाण वगैरे, चांगलं चालणारं नाव. मागणी एकच होती: नव्वद दिवसांची उधारी. भाऊजींनी त्यांचा ताळेबंद मागवून घेतला होता. माझ्या टेबलावर तो ठेवून म्हणाले, “वहिनी, लाँग टर्म बॉरोइंग निल आहे. कर्जच नाही त्यांच्यावर. उलट एका वर्षात सगळं कमी केलंय.”

मी त्याच दिवशी एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर शंभर रुपये भरून त्या कंपनीचे पूर्ण कागद काढले, टिपांसकट. भाऊजींकडे नुसतं पहिलं पान होतं. आकडे खाली देते. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून गोल केलेत, पण प्रमाण तेच ठेवलंय. सगळे लाखांत आहेत.

मालकांचा निधी १,३५० (भागभांडवल २००, राखीव व शिल्लक १,१५०). लाँग टर्म बॉरोइंग्ज निल. डिफर्ड टॅक्स आणि दीर्घ मुदतीच्या तरतुदी मिळून ३०. शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज ९४०. ट्रेड पेएबल्स, म्हणजे माल पुरवणाऱ्यांचं देणं, ८८०. इतर चालू देणी २००. एकूण ३,४००.

पुस्तकी हिशेब केला तर कर्ज ९४०, मालकांचे १,३५०, डेट-इक्विटी ०.७. आदल्या वर्षी कर्ज १,३२० आणि मालकांचे १,३०० होते, म्हणजे गुणोत्तर एकाच्या किंचित वर. ते वर्षभरात ०.७ वर आलं. कुणीही म्हणेल, कंपनी सुधारतेय. भाऊजी तेच म्हणत होते.

आता टीप उघडा. ९४० मध्ये तीन वेगळ्या गोष्टी होत्या. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी मर्यादेपर्यंत उचलायचे पैसे, ६१०. टर्म लोनचे पुढच्या वर्षात भरायचे हप्ते २१०. आणि संचालकांनी दिलेलं बिनतारण कर्ज १२०.

टर्म लोन संपलेलं नव्हतं. त्यातले शेवटचे २१० लाख पुढच्या बारा महिन्यांत द्यायचे होते, म्हणून नियमाप्रमाणे ते वरच्या ओळीतून खालच्या ओळीत गेले. २०२१-२२ पासून हे हप्ते शॉर्ट टर्म बॉरोइंग्जमध्येच वेगळे दाखवावे लागतात. त्याआधीच्या ताळेबंदांत ते ‘इतर चालू देणी’मध्ये जायचे, त्यामुळे जुनी वर्षं ताडून बघताना ती टीपही उघडावी लागते. कॅश क्रेडिट कागदावर ‘मागणी करताच परतफेड’ असतं, म्हणून तेही अल्प मुदतीत बसतं. पण प्रत्यक्षात ते दरवर्षी नूतनीकरण होऊन वर्षानुवर्षं चालू राहतं. त्याच्याशिवाय कारखाना आठवडाभर चालत नाही. अशा पैशाला ‘तात्पुरतं’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

संचालकांच्या कर्जाबद्दल बँकेत एक पद्धत आहे. ‘बँकेचं फिटेपर्यंत हे पैसे काढणार नाही’ असं संचालकांनी लिहून दिलं, तर ते मालकांच्या पैशासारखं धरतात. पुष्कळ सीए लिहून दिलेलं नसतानाही तसंच धरतात. मी आधी आदल्या वर्षाचा कॉलम बघते. इथे आदल्या वर्षी २६० होते, या वर्षी १२०. १४० लाख संचालकांनी काढून नेले होते. जो पैसा अडचणीच्या वर्षात मालक घरी नेऊ शकतो, तो मालकाचा नसून सावकाराचा आहे, मग देणाऱ्याचं नाव काहीही असो. मी तो कर्जातच धरला.

आता मालकांचे १,३५०. हा आकडा भाऊजींना सगळ्यात भक्कम वाटत होता. राखीव निधीच्या टिपेत १,१५० पैकी ५२० ‘रीव्हॅल्युएशन रिझर्व्ह’ होता. जमीन जुन्या भावाने पुस्तकात होती, ती नव्या भावाने मांडली, मालमत्ता ५२० ने वाढली आणि दुसऱ्या बाजूला राखीव निधी तेवढाच वाढला. कुणीही खिशातून रुपया घातला नाही, धंद्यानेही कमावला नाही. बँकेत आम्ही नेटवर्थ काढताना हा पहिला वजा करायचो. मग मालमत्तेच्या बाजूला १३० चे ब्रँड आणि सॉफ्टवेअर होते. कंपनी बसली तर त्यांचे हातात काही येत नाही, म्हणून तेही वजा. आणि १५० लाख त्याच मालकांच्या दुसऱ्या फर्मला दिलेले होते, व्याज नाही, मुदत नाही. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात ठेवला तर तो या कंपनीत राहत नाही, म्हणून तोही वजा.

१,३५० मधून ५२०, १३० आणि १५० गेले. उरले ५५०.

म्हणजे मालकांनी खरोखर गुंतवलेले आणि धंद्यात ठेवलेले साडेपाच कोटी, आणि कर्ज नऊ कोटी चाळीस लाख. डेट-इक्विटी ०.७ नव्हे, १.७. तुमचा प्रश्न तेवढाच असेल तर तुमचं उत्तर इथे संपतं: वरच्या आणि खालच्या दोन्ही बॉरोइंग्ज एकत्र करा, मालकांच्या निधीतून कागदी भाग काढा, मग भागाकार करा.

पण मी एवढ्यावर थांबत नाही, कारण आमचं नुकसान या भागाकारात दिसतच नव्हतं.

कंपनीचं कर्ज एका वर्षात १,३२० वरून ९४० झालं, ३८० लाखांनी कमी. त्यात बँकेचा टर्म लोनचा हप्ता २१०, संचालकांनी नेलेले १४०, कॅश क्रेडिट ३० ने कमी. आता विचारा, हे ३८० लाख आले कुठून? वर्षाचा निव्वळ नफा पन्नास लाखांचा होता. मी बोट ठेवून भाऊजींना पुढची ओळ दाखवली. ट्रेड पेएबल्स आदल्या वर्षी ५६०, या वर्षी ८८०. माल पुरवणाऱ्यांचं देणं ३२० लाखांनी वाढलेलं.

बँकेचं आणि संचालकांचं फेडलं, ते माल देणाऱ्यांचे पैसे थकवून. एकूण बाहेरचा पैसा जवळपास होता तेवढाच राहिला, फक्त व्याज मागणाऱ्याच्या जागी व्याज न मागणारा बसला. आणि डेट-इक्विटीच्या सूत्रात पुरवठादार येतच नाहीत, म्हणून गुणोत्तर सुधारलं.

हे खरेदी वाढल्यामुळे झालं असेल, असं भाऊजी म्हणाले. रास्त शंका आहे, म्हणून तीही तपासायची. नफा-तोटा पत्रकात खरेदी आदल्या वर्षी २,७०० आणि या वर्षी २,९०० होती. ५६० ला २,७०० ने भागून ३६५ ने गुणलं की ७६ दिवस येतात. ८८० ला २,९०० ने भागून तसंच केलं की १११ दिवस. खरेदी थोडीशी वाढली, पण पैसे द्यायला पस्तीस दिवस जास्त लागायला लागले. नव्वद दिवसांची मागणी का आली, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्हाला नव्वद सांगत होते तेव्हा ते सरासरी एकशे अकराव्या दिवशी पैसे देत होते.

बँकेतले लोक म्हणूनच नुसती डेट-इक्विटी बघत नाहीत. एकूण बाहेरचं देणं भागिले ठोस नेटवर्थ बघतात. इथे बाहेरचं देणं २,०५०. छापील नेटवर्थने भागलं तर दीड. ५५० ने भागलं तर ३.७. मालकाच्या एका रुपयामागे लोकांचे पावणेचार रुपये. ही कंपनी मालकांच्या पैशावर चालत नव्हती, बँकेच्या पैशावरही पूर्ण नव्हती. कागद, तेल, डाळ, छपाई आणि खोकी देणाऱ्यांच्या पैशावर चालत होती.

अजून एक आडवी तपासणी मी त्या दिवशी केली, आणि तिला पाच मिनिटं लागतात. ताळेबंद फक्त ३१ मार्चच्या संध्याकाळचा असतो. त्या दिवशी वसुली करून आणि पेमेंटं थांबवून कॅश क्रेडिट खाली आणता येतं. व्याज मात्र बारा महिने लागतं, ते लपत नाही. या कंपनीचा वर्षाचा फायनान्स कॉस्ट १२८ लाख होता. बँकेचं कर्ज वर्षाच्या सुरुवातीला १,०६० आणि शेवटी ८२०, सरासरी ९४०. त्यावर १२८ म्हणजे साडेतेरा टक्के. एमसीएवर कंपनीने बँकेला दिलेल्या तारणाची नोंद असते, चार्ज म्हणतात तिला. त्या फॉर्ममध्ये व्याजदर दहाच्या आसपास होता. दहा टक्क्यांनी १२८ व्याज लागायला वर्षभर सरासरी १,२८० कर्ज असावं लागतं. त्यात बँकेचे इतर आकार आणि बिल डिस्काउंटिंगचा खर्च थोडा धरला, तरी मार्चअखेरचा आकडा वर्षभराच्या आकड्यापेक्षा बराच खाली आणलेला होता.

मी सांगितलं होतं: तीस दिवस, आणि एका वेळी तीन लाखांच्या वर माल नाही. भाऊजी म्हणाले, “वहिनी, एवढं बघत बसलो तर धंदा कुणाशी करायचा? हिशेब तुमचा, पार्टी मी बघतो.” यांनीही त्यांचीच बाजू घेतली. नव्वद दिवस दिले.

पहिली काही बिलं वेळेवर आली. मग वर्षभरात नव्वदाचे एकशे तीस झाले, मग ‘या महिन्यात जमेल तेवढं घ्या’ सुरू झालं. २०२४ मध्ये त्यांचं बँकेतलं खातं एनपीए झालं तेव्हा आमचे १४ लाख अडकलेले होते. त्यातले ५ तुकड्यातुकड्याने आले. ९ लाखांसाठी आम्ही सूक्ष्म-लघु उद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज केलाय. बँकेकडे मशिनरी, स्टॉक, येणी, सगळं तारण आहे; आमच्याकडे सह्या केलेली चलनं आहेत. दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज करायला किमान एक कोटीची थकबाकी लागते, म्हणजे तो दरवाजा आमच्यासारख्यांना एकट्याने उघडतच नाही.

आज घरात विषय निघाला की भाऊजी म्हणतात, “हे कुणालाच कळलं नसतं.” हे मी मान्य करत नाही आणि करणारही नाही. आम्ही माल द्यायच्या आधी हे सगळं छापून आलेलं होतं, शंभर रुपयांत मिळत होतं आणि माझ्या टेबलावर होतं. ऑडिटरच्या अहवालाला ‘कारो’ या सरकारी आदेशाप्रमाणे जोडलेल्या पुरवणीच्या नवव्या कलमात तर सरळ लिहिलेलं होतं, की अल्प मुदतीचे सुमारे ४०० लाख दीर्घ मुदतीच्या कामांत वापरलेत. हा आकडा तुम्हालाही काढता येतो: चालू देणी २,०२०, चालू मालमत्ता १,६२०, फरक ४००. ऑडिटरने तो शब्दांत लिहून सही केली होती. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं?

जे माझ्यासारखे माल देणारे हे वाचत असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, करारात काहीही लिहिलं तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. आमचा नव्वद दिवसांचा करार त्या कायद्याच्या विरुद्धच होता. दुसरी गोष्ट, ट्रेड पेएबल्सच्या टिपेत सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं आणि इतरांचं देणं वेगळं दाखवावं लागतं, आणि २०२१-२२ पासून कोणाचं किती जुनं थकलंय याचा तक्ताही असतो. ८८० पैकी लघुउद्योगांचे फक्त १५० दाखवले होते. खोकी, छपाई, मसाला दळणारे, सगळे एमआयडीसीतले लहान लोक, आणि तरी फक्त १५०? म्हणून उद्यम नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापा, म्हणजे तुमचं देणं ‘इतर’मध्ये ढकलायला कारण उरणार नाही.

आता तुमच्या शेअरकडे येते. लिस्टेड कंपनी असेल तर मांडणी जरा वेगळी दिसेल. मालमत्ता आधी, देणी नंतर. ‘बॉरोइंग्ज’ हा शब्द फायनान्शियल लायबिलिटीजखाली दोनदा येतो, एकदा नॉन-करंटमध्ये आणि एकदा करंटमध्ये, दोन्ही घ्या. ‘लीज लायबिलिटीज’ वेगळ्या ओळीत असतात आणि दुकानांची साखळी किंवा विमान कंपनी असेल तर ती ओळ बॉरोइंग्जपेक्षा मोठी असू शकते. कंपनीने स्वतः काढलेलं डेट-इक्विटी गुणोत्तर टिपांमध्ये असतं, २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही द्यावं लागतं. पण त्यात तिने काय धरलं आणि काय सोडलं ते खालच्या ओळीत वाचा. रीव्हॅल्युएशन तिथे नेहमी नाव लावून येत नाही. नव्या लेखापद्धतीत जाताना जमीन बाजारभावाने मांडली असेल तर ती वाढ साध्या शिल्लक नफ्यात मिसळून गेलेली असते, आणि ती शोधायला त्या संक्रमणाच्या वर्षाची टीप काढावी लागते. उपकंपन्या असतील तर एकत्रित ताळेबंदच बघा. मुख्य कंपनी स्वच्छ आणि कर्ज सगळं उपकंपनीत, वर मुख्य कंपनीची हमी, हे खूप चालतं. हमीची पूर्ण रक्कम ताळेबंदाच्या आकड्यांत सहसा नसते, ‘कंटिंजंट लायबिलिटीज’च्या टिपेत असते.

बँका, एनबीएफसी आणि विमा कंपन्यांना यातलं काहीही लावू नका. दुसऱ्यांचा पैसा हाच त्यांचा धंदा आहे. आणि पुरवठादारांचं देणं मोठं दिसलं की कंपनी बुडतेय असंही धरू नका. रोख विकणाऱ्या, ताकदवान ग्राहकोपयोगी कंपन्या माल विकून पैसे घेतात आणि पुरवठादाराला नंतर देतात; त्यांचे दिवस जास्त असले तरी वर्षानुवर्षं स्थिर असतात आणि हातात रोकड असते. धोका आहे तो दिवस वाढत असताना रोख शिल्लक कोरडी असण्यात. आमच्या त्या पार्टीकडे ३,४०० लाखांच्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक मिळून २० लाख होते.

तुमच्या कंपनीचे दोन वर्षांचे बॉरोइंग्ज, ट्रेड पेएबल्स, खरेदी आणि फायनान्स कॉस्ट एवढे आठ आकडे काढा. शून्य खरं आहे की खाली सरकलंय, ते त्यावरून ठरवा. मित्राला विचारायची गरज पडणार नाही.